महिलांच्या पॅकेजमधून सीए-१२५ काढा: मंडळाच्या कार्यकारिणीला खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतरच्या आरोग्य शिबिराचं पत्रक ग्रुपवर वाचलं. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड हे सगळं नेहमीचंच आहे. पण त्याखाली जाड अक्षरांत एक नवी ओळ आहे: "महिलांसाठी खास, अंडाशयाच्या कॅन्सरची रक्ततपासणी, सीए-१२५, सवलतीच्या दरात." कूपनं दीडशे. पस्तिशीपुढच्या कोणत्याही बाईने करून घ्यावी, काही त्रास नसला तरी.

माझी हरकत या शेवटच्या चार शब्दांना आहे. मी या मंडळाची जुनी सभासद आहे आणि निवृत्त होईपर्यंत इंदूरमध्येच पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलं आहे. सीए-१२५चे नमुने मशीनवर लावणं हे माझं रोजचं काम होतं. ही तपासणी वाईट आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. ज्या बाईला अंडाशयाचा कॅन्सर झालेला आहे, तिच्यावर उपचार लागू पडताहेत की नाही हे पाहायला ती फार उपयोगी पडते. पण धडधाकट बाईला रांगेत उभं करून ती करणं ही वेगळीच गोष्ट आहे. का, ते सांगते.

आधी एक घडलेली हकीगत. आमच्या गल्लीतल्या एक वहिनी, वय त्रेचाळीस, दुसऱ्या एका संस्थेच्या शिबिरात गेल्या होत्या. त्यांची परवानगी घेऊनच लिहिते आहे, ओळख मात्र देत नाही. रिपोर्ट मोबाइलवर आला: सीए-१२५, ६१. शेजारी मर्यादा छापलेली, ३५पर्यंत. ६१चा आकडा ठळक, त्यापुढे "हाय" अशी खूण. खाली बारीक अक्षरांत "क्लिनिकल माहितीशी पडताळून पाहावे." ही ओळ आम्ही लॅबवाले प्रत्येक रिपोर्टवर छापतो आणि ती कुणीही वाचत नाही. वहिनींनी ६१ हा आकडा वाचला आणि वर पत्रकातला कॅन्सर हा शब्द आठवला.

मग सोनोग्राफी झाली. डाव्या अंडाशयावर तीन सेंटिमीटरची, स्वच्छ पाण्याने भरलेली सिस्ट दिसली. पाळी चालू असलेल्या बाईच्या अंडाशयात अशी पाण्याची गाठ होते आणि बहुधा आपली आपण जिरते. पण हातात ६१चा कागद असला की तीच गाठ वेगळी दिसायला लागते. सीटी स्कॅन सांगितला गेला. एका ठिकाणी "आता मुलंही झाली आहेत, दोन्ही अंडाशयं काढूनच टाकू, डोक्याला ताप नको" असा सल्लाही मिळाला. वहिनींनी एका वहीत लॉकरचा नंबर, एफडीच्या तारखा आणि मुलीच्या क्लासची फी कधी भरायची हे सगळं नवऱ्यासाठी लिहून ठेवलं. ती वही मी पाहिली आहे.

दुसरं मत घ्यायला गेल्या तेव्हा त्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "रक्त दिलं त्या दिवशी पाळीचा कितवा दिवस होता?" दुसरा. पाळीच्या दिवसांत सीए-१२५ चढतं, काही बायकांत दुपटी-तिपटीने. दीड महिना थांबून, पाळी संपून बरेच दिवस झाल्यावर पुन्हा रक्त घेतलं तर आकडा २२ आला. सोनोग्राफीत गाठही नव्हती. शिबिराच्या टेबलावर हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

तुम्ही म्हणाल, हे एकीचं झालं. म्हणून आता आकडे मांडते. बेरीज-वजाबाकीपलीकडे काही नाही.

समजा, आपल्या दसरा मैदानावर दहा हजार बायका बसवल्या आहेत. कुणालाच काही त्रास नाही, कुणाच्याही माहेरी हा आजार नाही. यांतल्या किती जणींना आज अंडाशयाचा कॅन्सर असेल? पाश्चात्त्य देशांत पन्नाशी उलटलेल्या बायकांसाठी अडीच हजारांत एक असा हिशेब धरतात. आपल्याकडे हा आजार त्यांच्यापेक्षा कमी आहे आणि शिबिरात तरुण बायकाही येतात. तरी आपण हात सैल सोडून तोच आकडा घेऊ. म्हणजे मैदानावर कॅन्सर असलेल्या बायका चार.

आता सगळ्यांचं रक्त घ्या. ही तपासणी चारांतल्या तिघींना पकडेल असं धरू. हेही उदारपणेच, कारण आजार अगदी सुरुवातीच्या पायरीवर असेल तर जवळपास निम्म्या जणींत आकडा ३५च्या आतच राहतो. उरलेल्या ९,९९६ बायका निरोगी आहेत. त्यांच्यातल्या शंभरात अठ्ठ्याण्णव जणींना तपासणी बरोबर "ठीक" म्हणेल आणि दोघींना उगाच "हाय" म्हणेल असं धरा. शंभरात दोन हे ऐकायला काहीच वाटत नाही. पण ९,९९६चे दोन टक्के म्हणजे साधारण २००.

म्हणजे मैदानावर "हाय"चा कागद हातात घेतलेल्या बायका झाल्या २०३. त्यांतल्या खरोखर आजारी तीन, आणि दोनशेंना काहीही झालेलं नाही. कागद हातात आला की कॅन्सर असण्याची शक्यता अठ्ठ्याण्णव टक्के असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं, पण ती आहे अडुसष्टांत एक, म्हणजे दीड टक्का.

यात मशीनचा दोष नाही, तंत्रज्ञाचाही नाही. मशीनने ६१ सांगितलं तेव्हा वहिनींच्या रक्तात ते खरंच ६१ होतं. "अठ्ठ्याण्णव टक्के अचूक" हा दावा निरोगी बायकांबद्दलचा आहे: शंभर निरोगी बायका घेतल्या तर अठ्ठ्याण्णव जणींना उगाच भीती दाखवली जाणार नाही. आपल्याला हवा असतो तो प्रश्न उलटा आहे, की घाबरवलेल्या शंभर जणींत खरोखर आजारी किती? त्याचं उत्तर एकट्या तपासणीवर अवलंबून नसतं. तुम्ही ती कुणावर करता यावर ते ठरतं. आजार दुर्मीळ असला की निरोगी माणसांचा ढीग इतका मोठा होतो की त्यातली बारीकशी चूकसुद्धा खऱ्या रुग्णांना बुडवून टाकते.

हा उलट-सुलट घोटाळा आपणच करतो असंही नाही. १९७८ साली हार्वर्डच्या रुग्णालयांतल्या साठ जणांना, त्यात अनुभवी डॉक्टर, निवासी डॉक्टर आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी होते, असाच प्रश्न घातला होता. हजारात एकाला असणारा आजार, निरोगी माणसांत पाच टक्के खोटे पॉझिटिव्ह देणारी तपासणी; पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला आजार असण्याची शक्यता किती? उत्तर आहे सुमारे दोन टक्के. साठांतल्या फक्त अकरा जणांनी ते बरोबर दिलं. जवळजवळ निम्म्यांनी पंच्याण्णव टक्के सांगितलं.

आता आपल्या दीडशे कूपनांचं बघा. दोन टक्क्यांनी तीन बायकांना "हाय"चा रिपोर्ट जाईल. पाळी चालू असलेल्या बायका जास्त असल्या तर तीनाहूनही अधिक, कारण पाळीच नव्हे, फायब्रॉइड, एंडोमेट्रिओसिस, ओटीपोटातली सूज, गर्भारपण, यकृताचे आजार, पोटाचा टीबी या सगळ्यांनी हा आकडा वाढतो. आणि यांतलं काहीच शिबिराच्या दारात उभ्या असलेल्या बाईच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. खरा कॅन्सर सापडायचा म्हटलं तर आपल्या उदार हिशेबानेसुद्धा अशी सतरा शिबिरं भरवली की कुठे एक रुग्ण त्या गर्दीत असेल. ती तपासणीत सापडेलच असंही नाही. तोवर पन्नासएक बायका वहिनींच्या वाटेने गेलेल्या असतील.

यावर कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांचं म्हणणं मला फोनवर ऐकायला मिळालं: "ताई, पन्नास जणी थोड्या घाबरल्या तर घाबरल्या. एकीचा जीव वाचला तरी शिबिराचं सार्थक झालं." बोलणं मनापासूनचं होतं आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं. जीव खरोखर वाचत असता तर मीही हेच म्हटलं असतं. पण वाचतो का, हे अंदाजाने बोलायची गरज नाही. ते मोजून झालेलं आहे.

अमेरिकेत पंचावन्न ते चौऱ्याहत्तर वयाच्या सुमारे ७८ हजार बायकांचे दोन गट केले. एका गटाला दरवर्षी सीए-१२५ आणि सोनोग्राफी, दुसऱ्या गटाला नेहमीची वैद्यकीय देखभाल. बारा-तेरा वर्षं दोन्ही गटांवर लक्ष ठेवलं आणि निकाल २०११ साली छापला. अंडाशयाच्या कॅन्सरने तपासणीवाल्या गटात ११८ मृत्यू झाले, दुसऱ्या गटात १००. म्हणजे फायदा नाहीच. आणि किंमत? तपासणीवाल्या गटात ३,२८५ बायकांना खोटा इशारा मिळाला. त्यांतल्या १,०८० जणींवर शस्त्रक्रिया झाली. कॅन्सर नसताना. त्यांतल्या १६३ बायकांना गंभीर गुंतागुंत झाली.

वहिनींना "काढूनच टाकू" म्हणाले होते, ते याच १,०८० जणींच्या रांगेतलं बोलणं. शिवाय पाळी जाण्याआधी दोन्ही अंडाशयं काढली की पाळी त्याच दिवशी कायमची जाते, अंगातून वाफा येतात, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. "डोक्याला ताप नको" म्हणताना हे कुणी बोलत नाही.

नंतर ब्रिटनमध्ये याहून मोठा, दोन लाखांवर बायकांचा प्रयोग झाला. तिथे निव्वळ ३५ची रेघ न धरता प्रत्येक बाईचा आकडा वर्षानुवर्षं कसा बदलतो ते पाहत गेले. ही पद्धत जास्त शहाणी होती आणि कॅन्सर काहीसा लवकरच्या पायरीवर सापडलाही. तरीही २०२१ साली अंतिम हिशेब आला तेव्हा मृत्यू कमी झालेले नव्हते. लवकर सापडलं म्हणजे वाचलं, हे आपण गृहीतच धरतो, पण या आजाराच्या बाबतीत ते अजून खरं ठरलेलं नाही. अमेरिकेच्या तज्ज्ञ मंडळाने तर त्रास नसलेल्या आणि घराण्यात धोका नसलेल्या बायकांची ही तपासणी करू नये असंच सांगून ठेवलं आहे.

उलटी बाजूही आहे. आपल्या चारांतल्या चौथ्या बाईला "नॉर्मल"चा कागद मिळणार आहे. पोट फुगतंय, दोन घास खाल्ले की भरतंय, लघवीला सारखं जावं लागतंय, असं तीन-चार आठवडे चाललं तरी ती म्हणेल, "मंडळाच्या शिबिरात सगळं ठीक आलं होतं." ती दवाखान्यात उशिरा जाईल.

आणि नेमकी हीच लक्षणं असलेली बाई डॉक्टरांकडे गेली तर सीए-१२५ची किंमत एकदम बदलते. ब्रिटनमध्ये त्रास घेऊन डॉक्टरांकडे आलेल्या सुमारे पन्नास हजार बायकांची नोंद तपासली, तेव्हा ३५ किंवा वर आकडा आलेल्यांपैकी दहांत एकीला अंडाशयाचा कॅन्सर निघाला. पन्नाशीच्या पुढे हे प्रमाण आणखी जास्त, शंभरात पंधरा. तपासणी तीच, मशीन तेच, रेघही ३५चीच. मैदानावर अडुसष्टांत एक, दवाखान्यात दहांत एक. फरक इतकाच की दवाखान्यातली बाई रक्त देण्याआधीच वेगळ्या गटात होती. तिच्यासाठी लगेच सोनोग्राफी करणं योग्यच आहे. जिच्या आईला किंवा बहिणीला अंडाशयाचा किंवा स्तनाचा कॅन्सर झाला आहे, तिनेही शिबिराच्या रांगेत न येता थेट तज्ज्ञांकडे जावं. तिचा हिशेब वेगळा आहे आणि तो टेबलावर उभ्या उभ्या होत नाही.

"मग हाय आलं तर तीच तपासणी पुन्हा करून घेऊ" असंही सुचवलं गेलं. पाळीमुळे चढलेला आकडा पुन्हा केल्यावर उतरेल, वहिनींचा उतरला. पण फायब्रॉइडमुळे चढला असेल तर तो पुढच्या महिन्यातही चढलेलाच राहणार. तीच तपासणी दोनदा केली की तीच चूक दोनदा होते, आणि बाईची खात्री मात्र पक्की होते. खोटा इशारा ओळखायचा तर दुसऱ्या जातीचा पुरावा लागतो. इथे तो म्हणजे सोनोग्राफी, पाळीची माहिती आणि डॉक्टरांनी हाताने तपासणं. पण मग ते सगळं शिबिरानंतर कोण करणार, त्याचा खर्च कुणाच्या खिशातून जाणार, याबद्दल पत्रकात एक अक्षर नाही. पहिली तपासणी सवलतीत देणं लॅबला कसं परवडतं, याचाही विचार कार्यकारिणीने कधीतरी करावा.

दीडशे बायका एका दिवशी एका ठिकाणी येणार आहेत, तो दिवस मात्र वाया घालवू नये. मी सुचवते ते असं, की सीए-१२५ काढून त्या जागी गर्भाशयमुखाची तपासणी ठेवा. सरकारी कार्यक्रमातही तिशीवरच्या बायकांसाठी ती आहे आणि तिला यंत्रच लागत नाही. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ अॅसिटिक आम्ल लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहायचं. शिकवलेली नर्स हे करू शकते. मुंबईच्या झोपडवस्त्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांवर टाटा मेमोरियलने हे करून पाहिलं, तेव्हा तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्के कमी झाले. हा निकाल २०१४ साली प्रसिद्ध झाला.

खोटे इशारे यातही असतात, नाहीत असं नाही. पांढरा डाग साध्या सुजेनेही उमटतो. मग ही चालते आणि ती चालत नाही, असं का? एक तर गर्भाशयमुखाचा कॅन्सर व्हायच्या आधी पेशींतला बदल वर्षानुवर्षं तिथे बसून असतो, त्यामुळे पकडायला वेळ मिळतो. आणि डाग दिसलाच तर पुढची पायरी म्हणजे भिंगातून पाहणं आणि चिमूटभर तुकडा तपासायला पाठवणं. पोट उघडावं लागत नाही. खोटा इशारा खोटा ठरवायला इथे फार काही मोजावं लागत नाही. अंडाशय पोटात खोल असतं. तिथला तुकडा असा सहज काढता येत नाही, म्हणून शंका फेडायला थेट शस्त्रक्रिया करावी लागते. कोणतंही स्क्रीनिंग ठरवताना पॉझिटिव्ह आलेल्या शंभरांत खोटे किती, आणि ते खोटे आहेत हे कळेपर्यंत बाईला काय काय सोसावं लागेल, हे दोन्ही विचारायला हवं.

एक व्यवस्था मात्र कोणत्याही तपासणीला लागेल. रिपोर्ट थेट मोबाइलवर पाठवू नयेत. मर्यादेबाहेरचा आकडा असलेल्या बाईला बोलावून घ्यावं आणि तो डॉक्टरांनी समोर बसून सांगावा. थायरॉइडपासून यकृतापर्यंत सगळ्याच रिपोर्टांतल्या मर्यादा बहुधा अशा आखलेल्या असतात की शंभर निरोगी माणसांपैकी पाच जण त्यांच्या बाहेर पडतात. पॅकेजमध्ये एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या असल्या, तर पूर्ण निरोगी माणसाच्या कागदावरही कुठेतरी एक ठळक आकडा असण्याची शक्यता चौसष्ट टक्के होते. पत्रकात "तपासण्यांची संख्या वाढवली" म्हणून जी फुशारकी मारली आहे, ती म्हणूनच मला पटली नाही.

कूपनं अजून छापायला गेलेली नाहीत असं खजिनदारांकडून कळलं. येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा मुद्दा घ्यावा ही विनंती. सीए-१२५ ठेवायचीच असं बहुमताने ठरलं, तर निदान नोंदणीच्या टेबलावर तीन प्रश्न छापून ठेवा: पाळीचा कितवा दिवस, पोटाचा काही त्रास आहे का आणि किती आठवड्यांपासून, आई-बहिणीला हा आजार होता का. आणि कूपनाच्या मागे, बारीक नव्हे तर समोरच्या बाजूइतक्याच मोठ्या अक्षरांत, "हाय आलेल्या दोनशे तीनांपैकी दोनशे बायकांना कॅन्सर नसतो" एवढी ओळ छापा. तिचा मजकूर आणि हिशेब मी लिहून देते, बैठकीलाही येते.

आपली,
मंडळाची एक सभासद,
इंदूर